न भेटणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कागद लावताना

आयकर खात्याची नोटीस घरी आली की पहिला प्रश्न निघतो तो 'आता किती भरावं लागणार' हा. खरं तर बहुतेक नोटिशींत कर मागितलेलाच नसतो. विवरणपत्रात तुम्ही जे आकडे लिहिले ते कशाच्या आधारावर लिहिले, एवढंच विचारलेलं असतं. त्याला जे उत्तर जातं ते पत्रच असतं, आणि त्या पत्राचं वजन मजकुरापेक्षा त्याला जोडलेल्या कागदांवर, त्यातही ते कागद कसे लावले आहेत यावर ठरतं.

काही वर्षांपूर्वीपर्यंत कागद जरा विस्कळीत असले तरी निभावून जायचं. करदाता किंवा त्याचा सीए फाइल घेऊन अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये जायचा. साहेबांनी विचारलं की हा आकडा कुठला, तर फाइल उलटून तो कागद समोर धरायचा आणि दोन वाक्यांत सांगायचं. पत्रात जे सुटलं असेल ते बोलण्यात भरून निघायचं. १ एप्रिल २०२१ पासून आयकर कायद्यात कलम १४४बी आलं आणि बहुतेक छाननी 'फेसलेस' झाली. नाशिकच्या करदात्याची फाइल आता चेन्नईतल्या किंवा कोलकात्यातल्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रामार्फत होतो, अधिकाऱ्याचं नाव कळत नाही आणि फोन करून 'साहेब, तो कागद मागच्या पानावर आहे' असं सांगायची सोय उरलेली नाही. त्याच्या पडद्यावर तुमचं पत्र असतं आणि तुम्ही चढवलेल्या पीडीएफ फायली असतात. त्यांतून प्रत्येक विधान त्याला स्वतःला पडताळता आलं पाहिजे.

हे कसं साधायचं ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण रचलेलं आहे आणि आकडे सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत, पण अशी प्रकरणं नित्य येतात.

नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेनं जून २०२२ मध्ये आपला जुना फ्लॅट ६२ लाखांना विकला. तो त्यांनी २००६-०७ या वर्षात घेतला होता, तेव्हा मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून १२,२०,००० रुपये खर्च आला होता. २०१४-१५ मध्ये त्यांनी न्हाणीघर नव्यानं बांधून घेतलं, घरभर फरशी बदलली, त्याचे २,४०,००० झाले. विक्रीच्या वेळी ५०,००० दलाली दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी सर्व खर्च धरून २७,५०,००० रुपयांत दुसरा, लहान फ्लॅट घेतला.

त्या वर्षाच्या नियमाप्रमाणे जुना खर्च महागाई निर्देशांकानं वाढवून धरायचा होता. २००६-०७ चा निर्देशांक १२२, २०१४-१५ चा २४० आणि विक्रीच्या वर्षाचा ३३१. म्हणजे १२,२०,००० चे झाले ३३,१०,००० आणि दुरुस्तीच्या २,४०,००० चे ३,३१,०००. विक्रीच्या ६२ लाखांतून हे दोन्ही आणि दलाली वजा केली की भांडवली नफा उरतो २५,०९,०००. नव्या घरात त्याहून जास्त रक्कम गुंतली असल्यामुळे कलम ५४ खाली तो सगळा नफा करमुक्त. बाईंनी विवरणपत्र असंच भरलं, कर शून्य दाखवला. (२३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला निर्देशांकाचे नियम बदलले आहेत. हे प्रकरण त्याआधीचं आहे.)

मोठी सूट मागितली म्हणून विवरणपत्र छाननीत निघालं. नोटीस आली, पाठोपाठ प्रश्नावली आली : विक्रीचा तपशील द्या, खर्चाचा पुरावा द्या, सुटीचा आधार द्या.

इथे बहुतेक लोक आधी पत्र लिहायला बसतात. सगळी हकिगत सांगून होते आणि शेवटी एक ओळ पडते, 'सोबत : आवश्यक कागदपत्रे'. मग घरातलं जे सापडेल ते स्कॅन करून चढवतात. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. आधी सहपत्रांची यादी करावी आणि मग पत्र लिहावं. यादी करताना कळतं की आपल्याजवळ कोणत्या आकड्याचा कागद आहे, कोणत्याचा नाही आणि कोणत्याचा अर्धवट आहे. पत्र आधी लिहिलं तर हातून अशी वाक्यं जातात ज्यांच्या पाठीशी कागदच नसतो, आणि एकदा लिहिलेलं वाक्य खोडायला मन तयार होत नाही.

यादी करायची रीत साधी आहे. गणितातला एकेक आकडा घ्यायचा आणि विचारायचं, हा आकडा मला न ओळखणाऱ्या माणसाला कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावर दिसेल? ६२ लाख विक्रीच्या दस्तात दिसतील. नव्या फ्लॅटची किंमत नव्या दस्तात दिसेल. दलाली पावतीवर आणि बँकेच्या नोंदीत. असं करत गेलं की कागद आपोआप गोळा होतात आणि त्यांचा क्रमही ठरतो, कारण गणित ज्या क्रमानं चालतं त्याच क्रमानं कागद लावायचे असतात.

मग सगळ्या कागदांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग पान क्रमांक द्यायचे. प्रत्येक दस्ताचे स्वतःचे पान क्रमांक असतातच, त्यांवर विसंबायचं नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात १ पासून सलग आकडे टाकायचे. वकील न्यायालयात 'पेपर बुक' लावतात ते असंच असतं. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या १९६३ च्या नियमांतला नियम १८ कागदांना अनुक्रमणिका आणि पान क्रमांक मागतो. छाननीच्या पायरीवर तसं बंधन नाही, पण पुढे प्रकरण तिथवर गेलंच तर हीच जुळणी कामी येते.

आपल्या उदाहरणात यादीतल्या मधल्या तीन नोंदी अशा दिसतील :

परिशिष्ट ५ – विक्रीचा नोंदणीकृत दस्त, दि. १० जून २०२२, इंडेक्स टूसह. पाने ३६ ते ५७. उत्तरातील परिच्छेद ३ साठी.

परिशिष्ट ६ – बचत खात्याचा उतारा, एप्रिल ते जून २०२२. पाने ५८ ते ६१. परिच्छेद ४ साठी.

परिशिष्ट ७ – खरेदीदाराने दिलेला फॉर्म १६बी. पान ६२. परिच्छेद ४ साठी.

एका नोंदीत पाच गोष्टी आहेत : क्रमांक, कागदाचं नाव, तारीख किंवा कालावधी, पाने, आणि हा कागद उत्तरातल्या कोणत्या परिच्छेदासाठी आहे ते. शेवटची गोष्ट फार थोडे लोक लिहितात आणि मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. ती लिहायला घेतली की एखादा कागद कोणत्याच परिच्छेदाचा नाही असं दिसतं. असा कागद काढून टाकावा. वर्षभराचा खातेउतारा, जुनी वीजबिलं, सोसायटीच्या पावत्या असं सगळं 'असू दे' म्हणून जोडलेलं असतं. त्यातून उत्तराला बळ मिळत नाही, उलट त्यातल्या एखाद्या नोंदीवरून नवा प्रश्न निघतो.

यादी पत्राच्या शेवटी येते, पण पत्राच्या पोटातही प्रत्येक विधानाला कागदाचा पत्ता लागतो. 'सदर सदनिका ६२,००,००० रुपयांस विकली' एवढं लिहून भागत नाही. 'सदर सदनिका ६२,००,००० रुपयांस विकली (परिशिष्ट ५, पान ३९)' असं लिहायचं. वाचणारा पान ३९ उघडतो, आकडा बघतो, पुढे जातो. पान ३९ वर त्या आकड्याशेजारी पिवळी खूण केलेली असेल तर अधिकच चांगलं. बावीस पानांच्या दस्तात मोबदल्याची रक्कम शोधायला अधिकाऱ्याला जी मिनिटं लागतात ती आपण वाचवायची.

आता खरी अडचण. पत्रातला आकडा आणि कागदातला आकडा जुळत नाही, अशी जागा जवळपास प्रत्येक प्रकरणात असते. बाईंनी लिहिलं की ६२ लाख मिळाले. अधिकाऱ्यानं खातेउतारा उघडला तर तिथे जमा आहेत ६१,३८,०००. बाईंना यात काहीच वावगं दिसत नाही, कारण त्यांना माहीत आहे की खरेदीदारानं एक टक्का टीडीएस कापला होता. ५० लाख आणि त्यावरच्या घरखरेदीत खरेदीदाराला तो कापावाच लागतो. पण पत्रात हे लिहिलं नाही आणि फॉर्म १६बी जोडला नाही, तर वाचणाऱ्यासमोर ६२,००० रुपयांची फट उरते. शिवाय उताऱ्यात ६१,३८,००० ही एक नोंदही नसते, तुकडे असतात. म्हणून परिच्छेद ४ असा लिहायचा :

'मोबदला पुढीलप्रमाणे मिळाला. २० एप्रिल २०२२ रोजी इसार ५,००,००० (परिशिष्ट ६, पान ५८). १० जून २०२२ रोजी खरेदीदाराच्या गृहकर्जातून ४०,००,००० आणि खरेदीदाराकडून १६,३८,००० (पान ६०). खरेदीदाराने कापलेला टीडीएस ६२,००० (परिशिष्ट ७, पान ६२). एकूण ६२,००,०००.'

चार रकमा, तीन पानं, एक बेरीज. यात एकही विशेषण नाही, कळकळीचं एकही वाक्य नाही, तरी वाचणाऱ्याला शंकेला जागा उरत नाही. रक्कम, तारीख आणि पान या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे विधान पडताळण्याजोगं झालं. त्यातली एक जरी गळली तरी शोधायचं काम वाचणाऱ्यावर पडतं आणि दिवसाला अनेक फायली बघणारा माणूस शोधत बसेलच असं नाही.

तीच गोष्ट १२,२०,००० ची. हा आकडा २००६ च्या करारनाम्यात कुठेच छापलेला नाही. करारनाम्यात फक्त घराची किंमत आहे, मुद्रांक शुल्क वेगळ्या ठिकाणी आहे, नोंदणी फी पावतीवर आहे. तिन्हींची बेरीज १२,२०,००० होते. ही बेरीज बाईंनी डोक्यात केली होती, ती कागदावर आणली पाहिजे. परिशिष्ट ३ च्या सुरुवातीला एक पान घालायचं : किंमत अमुक, पान अमुक, मुद्रांक शुल्क अमुक, पान अमुक, नोंदणी फी अमुक, पान अमुक, एकूण १२,२०,०००. सहपत्रात आपण स्वतः तयार केलेलं पान घालायला हरकत नसते, फक्त ते आपण तयार केलं आहे हे त्यावर स्पष्ट लिहावं आणि त्यातली प्रत्येक ओळ मूळ कागदाकडे बोट दाखवणारी असावी.

सगळ्या सहपत्रांचं वजन सारखं नसतं, हेही यादी करतानाच मोजून घ्यावं. दुरुस्तीच्या खर्चाचं बघा. २,४०,००० पैकी १,६०,००० चेकनं दिले, ते पासबुकात दिसतात. ८०,००० रोख दिले. कंत्राटदाराचं बिल पूर्ण रकमेचं आहे, पण रोख रकमेला बिलाखेरीज आधार नाही. अशा वेळी लोक घाबरतात आणि मग आठ-दहा वर्षांपूर्वीच्या तारखेची नवी कोरी पावती 'तयार' करून आणण्याचा मोह होतो. तो साफ टाळावा. एक बनावट कागद सापडला की उरलेल्या दहा खऱ्या कागदांकडे बघण्याची नजर बदलते, दंड आणि खटल्याचा धोका तर वेगळाच.

त्यापेक्षा गणित करून पाहावं. अधिकाऱ्यानं रोखीचे ८०,००० नाकारले तर निर्देशांक लावून नफा १,१०,३३३ रुपयांनी वाढतो आणि २६,१९,३३३ होतो. नव्या घरात २७,५०,००० गुंतले आहेत, म्हणजे तरीही कर शून्यच. अगदी सगळीच दुरुस्ती नाकारली तर नफा २८,४०,००० होईल, त्यातले ९०,००० सुटीबाहेर उरतील आणि २० टक्के दरानं त्यावर १८,००० रुपये कर व थोडा उपकर लागेल. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. म्हणून यादीत सरळ लिहावं : 'परिशिष्ट ४ – दुरुस्तीचे बिल व पासबुकातील नोंदी. पैकी १,६०,००० चेकने (पान ३४). ८०,००० रोखीने दिले असून बिलाखेरीज अन्य पुरावा उपलब्ध नाही.' असं लिहिणाऱ्याच्या बाकीच्या विधानांवर वाचणारा अधिक विश्वास टाकतो, हा माझा अनुभव आहे.

याउलट २००६ चा करारनामा जोडला नाही तर काय होईल? खरेदीचा सगळा खर्च शून्य धरला गेला तर नफा ५८,१९,००० वर जातो. नव्या घराची सूट वजा करूनही ३०,६९,००० करपात्र उरतात आणि कर सहा लाखांच्या पुढे जातो. म्हणजे सगळ्या उत्तराचा भार या एका कागदावर आहे. घरात फक्त पहिल्या काही पानांची धूसर झेरॉक्स असेल तर ती चढवून मोकळं होऊ नये. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च'मध्ये दस्त क्रमांकावरून शोध घेता येतो आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. त्याला दिवस लागतात. मुदत संपत आली असेल तर पोर्टलवरूनच मुदतवाढ मागावी आणि प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केल्याची पावती त्या मागणीसोबत जोडावी. मुदतवाढ मागण्याचं कारणही एक विधानच आहे, त्यालाही कागद हवा.

महाराष्ट्रातल्या लोकांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आपला इंडेक्स टू मराठीत असतो. विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, भूमापन क्रमांक, दस्त करून देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, दस्त केल्याचा आणि नोंदणी केल्याचा दिनांक, मुद्रांक शुल्क, असा सगळा ऐवज त्या एका पानात असतो. पण तो वाचणारा अधिकारी तमिळ किंवा बंगाली भाषक असू शकतो. त्याच्यासाठी ते पान असून नसल्यासारखं. म्हणून इंडेक्स टूमागे लगेच त्याचं अर्ध्या पानाचं इंग्रजी भाषांतर लावावं, त्यात मूळ पानावरच्या रकान्यांचे क्रमांक तसेच ठेवावेत, म्हणजे त्याला आकडे आणि तारखा तरी ताडून बघता येतील. पूर्ण दस्ताचं भाषांतर सहसा लागत नाही. ज्या कलमांचा उत्तरात उल्लेख आहे तेवढ्यांचं पुरतं.

इंडेक्स टू जोडण्याचं आणखी एक कारण आहे. त्यात मोबदला आणि बाजारभाव शेजारी शेजारी असतात. शासनानं ठरवलेला बाजारभाव विक्रीच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असला तर आयकर कायदा तो वरचा आकडा विक्रीची किंमत म्हणून धरतो. बाईंच्या दस्तात बाजारभाव ६२ लाखांच्या आत आहे. प्रश्नावलीत हे विचारलेलं नसलं तरी अधिकारी ते पाहणारच आहे, कारण तीस लाख आणि त्यावरच्या मालमत्ता व्यवहारांची माहिती नोंदणी विभागाकडून आयकर खात्याला जाते. बाईंनी एका वाक्यात ते सांगून पान ५६ कडे बोट दाखवलं की त्याचा पुढचा प्रश्न येण्याआधीच मिटतो.

नावांचंही बघावं. २००६ च्या करारनाम्यात माहेरचं आडनाव आहे आणि पॅनवर सासरचं, किंवा एकीकडे मधलं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, हे आपल्याकडे सर्रास असतं. आपल्या दृष्टीनं ती एकच व्यक्ती, कागदांच्या दृष्टीनं दोन. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात यांपैकी जे असेल ते लावून उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात एक ओळ टाकावी.

फायली चढवताना लोक थकलेले असतात आणि नेमक्या तिथे चुका होतात. बँकेनं मेलवर पाठवलेला खातेउतारा पासवर्ड लावलेला असतो. तो तसाच चढवला की आपल्याला वाटतं कागद गेला, आणि पलीकडच्या माणसाला तो उघडतच नाही. आधी पासवर्ड टाकून उघडावा, नव्यानं पीडीएफ म्हणून साठवावा आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडून बघावी. उताऱ्यातलं फक्त एक पान द्यायचं असेल तर खातेदाराचं नाव आणि खाते क्रमांक असलेलं पहिलं पानही सोबत हवं, नाहीतर ती नोंद कोणाच्या खात्यातली हेच कळत नाही. दस्ताच्या पानांच्या मागच्या बाजूला नोंदणीचे शिक्के असतात, त्या बाजू स्कॅनमध्ये सुटतात. आधार कार्डाची प्रत कुठे द्यावीच लागली तर पहिले आठ अंक झाकलेली द्यावी.

पोर्टलवर एका फाइलला सहसा ५ एमबीची मर्यादा असते. रंगीत, जाड स्कॅन केलेला दस्त ती सहज ओलांडतो. अशा वेळी कृष्णधवल, मध्यम दर्जाचा स्कॅन पुरतो, फक्त आकडे स्पष्ट वाचता येतात ना ते बघावं. तरी मोठा राहिला तर दोन भाग करावेत, पान क्रमांक मात्र सलगच ठेवावेत. फाइलला नाव देताना यादीतला क्रमांक आणि पाने नावातच घालावीत :

```
A05_SaleDeed_p36_57.pdf
A06_BankStatement_p58_61.pdf
A07_Form16B_p62.pdf
```

'स्कॅन-नवीन-अंतिम-२' अशा नावाच्या दहा फायली समोर आल्या तर कोणालाही वाट सापडणार नाही. शिवाय पत्रासोबतची यादी आणि प्रत्यक्ष चढवलेल्या फायली यांचा मेळ शेवटी एकदा दुसऱ्या माणसाकडून घालून घ्यावा. त्यानं यादी हातात घ्यायची, एकेक फाइल उघडायची आणि पत्रातला प्रत्येक कंस तपासायचा : परिशिष्ट ५, पान ३९, आकडा दिसतो का? ज्याला प्रकरण माहीत नाही असा माणूस यासाठी उत्तम. घरातला कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम तासाभरात करते. तिला जिथे अडखळायला होतं तिथेच अधिकारीही अडखळेल.

'सध्या एवढं देऊन ठेवू, पुढे लागलं तर बाकीचं देऊ' असा सल्ला पुष्कळदा मिळतो. तो धोक्याचा आहे. छाननीच्या पायरीवर न दिलेला पुरावा पुढे अपिलात सहजासहजी देता येत नाही. आयकर नियमावली १९६२ मधला नियम ४६ए सांगतो की पहिल्या अपिलात नवा पुरावा ठरावीक परिस्थितीतच घेतला जाईल : छाननी अधिकाऱ्यानं तो घ्यायला नकार दिला असेल, पुरेशा कारणामुळे तुम्हाला तो तेव्हा देता आला नसेल, किंवा तुम्हाला पुरेशी संधीच न देता आदेश झाला असेल. 'तेव्हा सुचलं नाही' हे यात बसत नाही. अपिलाच्या वेळी मग वाद घराच्या किमतीवर होत नाही, हा कागद बघायचा की नाही यावर होतो.

इथेच यादीचा दुसरा उपयोग दिसतो. कागद दिला होता की नव्हता, हे नंतर सिद्ध करायची वेळ आली तर ती यादीच साक्ष देते. पोर्टलवर उत्तर दाखल झालं की पोच मिळते. ती पोच, त्या दिवशी दाखल झालेल्या उत्तराची प्रत आणि चढवलेल्या फायलींची नावं दिसतात ते पान, हे तिन्ही एकत्र साठवून ठेवावं. आदेशात 'करदात्याने खरेदीचा पुरावा दिला नाही' असं वाक्य आलं, तर 'दिला होता' असं नुसतं म्हणून उपयोग नसतो. 'अमुक तारखेच्या उत्तरासोबत परिशिष्ट ३, पाने १० ते ३१' असं म्हणता आलं की प्रश्नच उरत नाही.

उत्तर पाहून अधिकाऱ्याला एखादी गोष्ट पटली नाही, तर कर वाढवण्याआधी कारणे दाखवा नोटीस येते. त्यात काय धरायचं ठरवलं आहे ते लिहिलेलं असतं. त्या वेळी व्हिडिओवर सुनावणीही मागता येते. सुनावणीत बोलतानाही पान क्रमांकानं बोलावं, 'पान ६० बघावं' असं म्हटलं की दोन्ही पडद्यांवर एकच पान उघडतं. त्या नोटिशीचं उत्तर लिहिताना पुष्कळ जण सगळे कागद पुन्हा नव्यानं चढवतात, नव्या क्रमांकांनी. मग एकाच दस्ताला पहिल्या उत्तरात परिशिष्ट ५ आणि दुसऱ्यात परिशिष्ट २ असे दोन पत्ते होतात आणि फाइल वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. आधी दिलेला कागद पुन्हा देऊ नये, त्याचा जुनाच पत्ता सांगावा. नवा कागद असेल तेवढाच जोडावा आणि क्रमांक पुढे चालू ठेवावेत. पहिल्या उत्तरात अकरा परिशिष्टं आणि ९४ पानं गेली असतील, तर दुसऱ्यातला पहिला कागद परिशिष्ट १२, पान ९५.